आईसाठी केअरटेकर हवी असेल तर मेसेजमध्ये रात्र आधी लिहा

"माझी आई ७२ वर्षांची, गावी दारव्हा तालुक्यात असते. मे महिन्यात लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणेही गेले. साखर आहे, इन्सुलिन चालू आहे. मी पुण्यात, गावी भाऊ-वहिनी आहेत, वावर आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला होता: 'आईच्या सेवेसाठी प्रशिक्षित, प्रेमळ, गरजू बाई पाहिजे. २४ तास राहणे, जेवण फ्री, पगार योग्य तो देऊ.' दोघी आल्या. एक चौथ्या दिवशी गेली, दुसरी नवव्या. टिकणारी बाई मिळावी म्हणून मेसेज कसा लिहावा?"

ताई, आधी 'गरजू' हा शब्द काढून टाका. ज्या मुलीने सहा महिने बसून कोर्स केला, दवाखान्यात बेड केले, ती हा शब्द वाचून फोनच करत नाही. तिला त्यातून एवढेच कळते की या घरात पैशाला घासाघीस होणार. 'पगार योग्य तो' वाचून तिची खात्रीच पटते. मग उरतात त्या खरेच अडलेल्या बाया. त्या येतात, काम पाहतात आणि दुसरीकडे काही मिळाले की जातात. तुमच्याकडे आलेल्या दोघी वाईट होत्या असे मला वाटत नाही. काय काम आहे ते न कळताच त्या आल्या होत्या.

मी २२ वर्षे तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर होते. आता घरी पेशंट सांभाळणाऱ्या मुलींना शिकवते आणि त्यांना कामावर पाठवते. कामावरून परत आलेल्या मुलीला मी विचारते, का सोडलेस? पेशंट कुरकुरतो म्हणून सोडले, असे क्वचितच ऐकू येते. रात्री झोप मिळत नव्हती, एकटीने उचलावे लागत होते, पेशंट सोडून घरची धुणीभांडी गळ्यात पडली, बहुतेक वेळा हीच तीन कारणे असतात. तिन्ही गोष्टी घरच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतात. मेसेजमध्ये मात्र एकही लिहिलेली नसते.

म्हणून मी म्हणते, मेसेज लिहायला बसलात की आधी रात्र लिहा. आईंची एक बाजू चालत नाही, म्हणजे झोपेत कूस त्यांना स्वतःहून बदलता येत नाही. दर दोन तासांनी कोणीतरी त्यांना वळवायला हवे, नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर कातडी दबून जखम होते. रात्री दहाला वळवले तर पुढे बाराला, दोनला, चारला उठणे आले. मध्ये डायपर ओला झाला तर आणखी एकदा. जी बाई रात्री चार वेळा उठली, तिच्याकडून दिवसाचे बारा तास अंगमेहनतीचे काम होत नाही. चार दिवस ती दम काढते, पाचव्या दिवशी तिचा हात जड होतो, आणि एक दिवस ती दोन वाजता उठत नाही. तुमची पहिली बाई चौथ्या दिवशी का गेली, त्याचे उत्तर बहुधा हेच असेल. '२४ तास' असे लिहून तुम्ही एका माणसाच्या पगारात दोन माणसांचे काम मागितले होते.

घरात एअर बेड असला तरी वळवणे चुकत नाही. तो पंपावर चालतो. आपल्याकडे लाईन गेली की गादी हळूहळू बसते आणि आई बाजेच्या फळीवर आल्यासारख्या होतात. कातडीवर डाग दिसला तर बोटाने दाबून पाहायचे. बोट काढल्यावर रंग फिका पडून परत येत असेल तर अजून वेळ आहे. दाबूनही डाग तसाच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा ती जागा आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागते का ते पाहावे. कातडी चांगली राहिली तर डॉक्टरांना विचारून रात्रीचे अंतर वाढवता येते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. बाई थकली म्हणून वाढवायचे नाही.

रात्र कोण घेणार हे ठरल्याशिवाय मेसेज लिहूच नका. तुमच्या घरात दोनच वाटा आहेत. भाऊ आणि वहिनींनी रात्री आलटून-पालटून घ्यायच्या आणि बाई फक्त दिवसाला ठेवायची, किंवा रात्रीला दुसरी बाई ठेवून तिचा पगार वेगळा द्यायचा. वहिनींना हे फोनवर नीट विचारा. त्या दिवसभर वावरात राबणार आणि रात्री पुन्हा उठणार असे तुम्ही पुण्यात बसून गृहीत धरू नका.

आता 'प्रशिक्षित' या शब्दाकडे येते, कारण त्यावरूनही घोटाळा होतो. आपल्याकडे या कामाला येणाऱ्या तीन तऱ्हेच्या असतात. एएनएम किंवा जीएनएम झालेली सिस्टर असते. तिचे शिक्षण अनुक्रमे दोन आणि तीन वर्षांचे, इंजेक्शन, सलाईन, नळ्या हे तिचे काम. जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए, किंवा घरगुती आरोग्य सहाय्यक असा काही महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी असते. आंघोळ, कूस बदलणे, भरवणे, बीपी-साखर मोजून वहीत लिहिणे हे तिला शिकवलेले असते. तिसरी म्हणजे कोर्स न केलेली पण दवाखान्यात दहा-पंधरा वर्षे आया म्हणून राबलेली मावशी. मेसेजमध्ये 'नर्स पाहिजे' लिहिले की सिस्टर येते आणि शी-शू काढायला लागले की तिला ते आपले काम वाटत नाही. 'बाई पाहिजे' लिहिले की घरकामवाली येते. तुमच्या आईंना नाकातली नळी, लघवीची पिशवी किंवा जखम असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. म्हणजे तुम्हाला दुसरी किंवा तिसरी हवी. तसेच लिहा: कोर्स केलेली किंवा लकव्याचा पेशंट सांभाळलेली. उद्या लघवीची नळी बसली तर पिशवी रिकामी करणे आणि ती कमरेच्या खाली ठेवणे हे केअरटेकर करेल, पण नळी बदलायला सिस्टरच बोलवावी लागेल.

इन्सुलिनचे मात्र वेगळे लिहा, कारण इथे चूक झाली तर जीवावर बेतते. आपल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनमध्ये बसणारे औषध बहुतेक १०० युनिटचे असते. १०० ची सिरिंज वेगळी, तिची टोपी नारिंगी. समजा डॉक्टरांनी २० युनिट लिहिले. ४० ची बाटली घेऊन कोणी नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात आठच युनिट जातात आणि साखर चढत राहते. उलट पेनमधले १०० चे औषध लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर ५० युनिट जातात आणि साखर धाडकन उतरते. त्यात तुमच्या आईंना बोलता येत नाही. गरगरते, हातपाय गळाले, असे त्या सांगू शकत नाहीत. त्यांना घाम फुटला, हात थरथरला, ओळख विसरल्यासारखी नजर झाली, एवढ्यावरून समोरच्या बाईने ओळखायचे, लगेच साखर तपासायची, आणि ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. आई नीट जाग्या असतील आणि गिळत असतील तरच हे तोंडावाटे द्यायचे. हाक मारून ओ देत नसतील तर तोंडात काहीही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा.

म्हणून 'इन्सुलिन येणारी' एवढे लिहून भागत नाही. इन्सुलिन कोण देणार ते लिहा. माझे मत असे की डोस भरून टोचण्याचे काम निदान पहिले १५ दिवस घरातल्याच एका ठरलेल्या माणसाने करावे. बाईने साखर मोजावी, वहीत लिहावी, आणि टोचल्यानंतर अर्ध्या तासात आईंचे जेवण पोटात गेले की नाही हे पाहावे. गावाकडे साखर उतरण्याचे प्रसंग मी पाहिले त्यातले बरेचसे असेच घडले: सुई सकाळी सातला झाली, घरचे वावरात गेले आणि भाकर नऊला आली.

गेल्या वर्षी दिग्रसच्या बाजूच्या एका घरासाठी मी त्यांच्या ओट्यावर बसून मेसेज लिहून दिला. तुमच्यासारखेच घर. आजी ७४ वर्षांच्या, उजवी बाजू गेलेली, वजन ६८ किलो. एक मुलगा शेती करणारा, दुसरा नाशिकला. आम्ही आधी मेसेज लिहिला नाही. मी सुनेला म्हटले, काल दिवसभरात आजींचे काय काय केले ते उठल्यापासून झोपेपर्यंत सांग. ती सांगत गेली, मी वहीवर लिहीत गेले. सकाळी तोंड धुणे, डायपर, साखर, नाश्ता, अंग पुसणे, कपडे, दहा वाजता धरून खुर्चीत बसवणे, व्यायाम, जेवण, परत बाजेवर, कूस, चहा, पुन्हा खुर्ची. वहीचे पान भरले. मग मी एकेका ओळीपुढे विचारले, हे एकटीने होते की दोघी लागतात? तेव्हा सून म्हणाली, "बाजेवरून खुर्चीत घेताना एकटीच्यानं नाही होत, ह्यांना हाक मारते." ही ओळ मेसेजमध्ये गेली आणि तिनेच पुढे काम टिकवले, असे मला आजही वाटते. कारण वाचणारीला कळले की या घरात उचलायला दुसरा हात असतो.

तो मेसेज असा होता. नावगाव काढून देते:

केअरटेकर ताई पाहिजे, फक्त दिवसपाळी.

पेशंट: आजी, वय ७४, वजन ६८ किलो. लकव्याने उजवा हात-पाय चालत नाही. बोलता येत नाही, पण सगळे समजते. साखर आहे. जखम नाही, नळी नाही. डायपर आहे.

जागा: दिग्रसहून १४ किमी, एसटी येते.

वेळ: सकाळी ७ ते सायंकाळी ७. दुपारी १ तास जेवण-आराम. रात्री घरचे पाहतात. रात्री थांबावे लागणार नाही.

काम: तोंड धुणे, अंग पुसणे, डायपर बदलणे, दर दोन तासांनी कूस, बसवून भरवणे, सांगितलेला व्यायाम, बीपी-साखर मोजून वहीत लिहिणे, वेळेवर गोळ्या. आजींचे कपडे-चादर मशीनला लावणे.

खुर्चीत घेताना घरातले एक माणूस सोबत असेल. इन्सुलिन सून देते.

हे काम नाही: घरची भांडी, झाडू-पोचा, स्वयंपाक, मुले सांभाळणे, वावरातले काम.

पगार: महिना १३,००० रुपये, २६ दिवसांचे. आठवड्याला १ सुट्टी, वार ठरवून. सुट्टीच्या दिवशी बोलावले तर त्या दिवसाचे ६०० वेगळे. एसटीचे भाडे वेगळे. पगार दर महिन्याच्या ५ तारखेला. नाश्ता, जेवण, दोन वेळ चहा घरचा.

पहिले ३ दिवस पाहण्याचे, रोज ५०० प्रमाणे. पटले नाही तरी त्याचे पैसे मिळतील.

पाहिजे: जीडीए किंवा तत्सम कोर्स, किंवा लकव्याचा पेशंट निदान ६ महिने सांभाळलेला. आधीच्या एका घराचा फोन नंबर लागेल.

फोन सायंकाळी ७ ते ९. कोणाकडूनही डिपॉझिट घेत नाही.

मेसेज लांब वाटेल. पण हे वाचून जिला जमणार नाही ती आपोआप गळते, आणि जी फोन करते ती मनाची तयारी करूनच करते. त्या घरी पाच फोन आले, दोघींना बोलावले, एक ठरली. ती अजून आहे.

पगाराचा आकडा कसा ठरला ते सांगते, कारण तिथेच घरोघरी अडते. मोठ्या मुलाच्या मनात ८,००० होते आणि सुट्टी नव्हती. मी वहीवर भागाकार करून दाखवला. ३० दिवसांना ८,००० म्हणजे दिवसाला २६७ रुपये, १२ तासांना भागले तर तासाला २२. गावातली बाई हा आकडा निंदणाच्या रोजाशी ताडून पाहते. निंदणाला ती सकाळी जाते, दुपार कलली की घरी येते, सोबतिणी असतात, कोणाची घाण काढावी लागत नाही. मग सोयाबीन सोंगणी लागली किंवा कापूस फुटला आणि वेचणी किलोवर सुरू झाली की ती तुमचे काम का करेल? आपल्याकडच्या केअरटेकर सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत जास्त सोडून जातात, त्याचे हे साधे कारण. १३,००० ला २६ ने भागले की दिवसाला ५०० येतात, तासाला साधारण ४२. त्या घराला परवडेल आणि बाईला वावरापेक्षा बरे वाटेल असा तो आकडा होता. तुमच्या बाजूला तो कमी-जास्त असेल. दारव्ह्यातल्या दोन-तीन जणींना विचारून तुमचा आकडा काढा, पण महिन्याचा आकडा लिहिताना दिवस किती आणि तास किती हे सोबत लिहाच. नुसते १३,००० वाचून बाई मनात ३० दिवस धरते की २६, यावरच पहिल्या महिन्याच्या अखेरीला भांडण होते.

नाशिकच्या मुलाने मला विचारले होते, जेवण-नाश्ता देतो आहोत, मग त्याचे थोडे पगारातून वळते का करू नये? मी नाही म्हटले. बारा तास ती घरात आहे, तिने डबा आणला तरी तो पेशंटच्या वेळेत तिला सवडीने खायला मिळत नाही. जेवण घरचे असले की तिचे पाय घरात राहतात. मात्र जेवणाबद्दल एक गोष्ट तुम्ही भावाशी आधीच बोलून घ्या. ती कुठे बसून जेवणार, कोणत्या ताटात, पाण्याचा ग्लास कोणता, संडास कोणता वापरणार. माझ्याकडची एक हुशार मुलगी चांगल्या पगाराचे काम सोडून तिसऱ्या दिवशी परत आली. तिचा कप खिडकीत वेगळा ठेवत होते. जिच्या हाताने तुमची आई घास खाते तिचा कप वेगळा ठेवायचा असेल तर मेसेज कितीही चांगला लिहा, ती थांबणार नाही आणि तिने थांबूही नये. मेसेजमध्ये किंवा फोनवर जात विचारू नका, आडनावावरून आडून काढूही नका.

सुट्ट्यांचे तिला विचारून ठरवा. कोणाला पोळा आणि महालक्ष्म्यांना घरी असावे लागते, कोणाला १४ एप्रिलला, कोणाला दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे असते. कामावर येतानाच वर्षाच्या चार-पाच तारखा वहीत लिहून ठेवल्या तर त्या दिवशी वहिनींनी वावराला जायचे नाही हे आधीच ठरते. ऐनवेळी 'आज नको जाऊ' म्हटले की मन कडू होते.

एसटीचे आणखी एक. महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे भाड्याचा बोजा तुम्हाला फारसा नाही. पण तुमच्या गावाहून परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी पाहा. ती साडेसहाला सुटत असेल तर 'सायंकाळी ७' लिहून काय उपयोग? मग ६ ते ६ लिहा, किंवा भाऊ गाडीने फाट्यावर सोडेल असे स्पष्ट लिहा. अंधारात फाट्यावर उभे राहावे लागेल या एका गोष्टीपायी घरचे मुलीला पाठवत नाहीत.

मेसेज टाकताना गावाचे नाव, घराची खूण, 'आई दिवसभर एकटी असते', 'भाऊ वावरात असतो' असे काही उघड ग्रुपवर लिहू नका. तालुका आणि अंतर पुरे. नंबर भावाचा किंवा तुमचा द्या, आईंचा फोटो कधीही नको. आणि मोठ्या ग्रुपवर टाकण्याआधी हा मेसेज ठराविक माणसांना पाठवा: आईंना ज्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली तिथल्या वॉर्डातली सिस्टर, व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, तालुक्याचे मेडिकलवाले, उपकेंद्राची सिस्टर, बचत गटाच्या ताई. आशाताईंना हे काम करायला सांगू नका, त्यांच्याकडे सगळे गाव असते. पण कोणत्या घरी लकव्याचा पेशंट होता आणि त्याला कोणी सांभाळले हे त्यांना पक्के ठाऊक असते. एजन्सीमार्फत घ्यायची असेल तर तुम्ही देता त्यातले किती रुपये बाईच्या हातात पडतात आणि ती रजेवर गेली तर बदली किती तासांत येणार, ही दोन उत्तरे लेखी घ्या.

फोन आला की कागदपत्रांआधी काम विचारा. मी विचारते, "उजवी बाजू गेलेल्या पेशंटला बाजेवरून खुर्चीत घ्यायचं आहे, खुर्ची कुठल्या बाजूला ठेवशील?" ज्यांनी काम केले आहे त्या लगेच सांगतात, डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला. भरवण्याचे विचारा. बसवून, घास चांगल्या बाजूच्या गालात, छोटा, आधीचा गिळल्यावर पुढचा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही, असे तिने सांगितले की निम्मी परीक्षा झाली. झोपवूनच चमच्याने पाणी पाजते म्हणाली तर तिला शिकवावे लागेल, कारण लकव्यात ते पाणी श्वासनळीत जाते, ठसका लागतो आणि पुढे छाती भरते.

घरी आली की तिचे हात पाहा. त्या दिग्रसच्या घरी दोघी आल्या होत्या. पहिलीने आजींचा लुळा हात धरून त्यांना ओढून बसवायला घेतले. आजींनी तोंड वाकडे केले, आवाज निघाला नाही. असे ओढल्याने खांदा निखळतो आणि तो दुखरा खांदा पुढे महिनोन्महिने व्यायाम करू देत नाही. दुसरी आली, बाजेशेजारी खाली वाकून आजींच्या डोळ्यांत पाहिले, "आजी, बसवते हं आता," म्हणाली. त्यांना कुशीवर केले, पाय बाजेखाली सोडले, एक हात खांद्यामागे पाठीवर आणि एक कमरेला लावून हळूच उठवले, आणि थोडा वेळ तशीच धरून थांबली, चक्कर येते का पाहायला. प्रमाणपत्र दोघींकडे होते.

ठरल्यावर आधार कार्डची प्रत घ्या, आधीच्या घरी फोन करा, पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणी करून घ्या, आणि हे सगळ्यांकडून घेतो असे तिला सांगा म्हणजे तिला लागत नाही. मूळ कागद ठेवून घेऊ नका. मेसेजमधले वेळ, काम, 'हे काम नाही', पगार, तारीख आणि सोडायचे झाल्यास दोघांकडून १५ दिवस आधी सांगणे, एवढे एका कागदावर उतरवून दोघांनी सही करा, एक प्रत तिला द्या. पुढे वहिनी चुकून म्हणाल्या, एवढी भांडी घास ना, तर तो कागद बाईच्या बाजूने बोलतो आणि वहिनींशी तिचे वाकडेही येत नाही.

तुमच्या मेसेजसाठी मला आता तीन गोष्टी लागतील: आईंचे वजन, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ, आणि रात्रीचे वहिनी काय म्हणतात ते. वजनकाट्यावर उभे करता येणार नाही, म्हणून दवाखान्याच्या सुट्टीच्या कार्डावर लिहिले आहे का पाहा. नसेल तर भावाला सांगा, आईंना खुर्चीसकट तालुक्याच्या धान्याच्या काट्यावर तोलून घ्यायचे आणि खुर्चीचे वजन वजा करायचे. पुढच्या वेळी तपासणीला नेताना वाटेतच होईल.